नऊवारी आणि फेट्याची एआय चित्रं: नेसण चुकू नये म्हणून वर्णन कसं लिहावं?

रानजाई
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या शाळेची स्मरणिका निघतेय. गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. तिच्यात 1940 च्या आसपासचं एक शेतकरी जोडपं चित्ररूपाने हवं आहे. त्या काळचे गावातले फोटो जवळजवळ नाहीतच. जे दोन-चार आहेत ते लग्नातले, बसून काढलेले आणि कंबरेच्या वरचे. चित्रकाराला द्यायला पैसे नाहीत, म्हणून एआयने चित्र करायचं ठरलं. मी घरच्या कॉम्प्युटरवर स्टेबल डिफ्यूजन चालवते आणि हे वर्णन दिलं:

```
Maharashtrian couple, woman in nauvari saree, dhoti style,
man in pheta turban, traditional jewellery, village, portrait
```

बाईच्या अंगावर कधी सहावारी येते, खाली परकराचा घेर दिसतो. कधी सलवारीसारखं काहीतरी येतं आणि वरून ओढणी. पदर कधी या खांद्यावर, कधी त्या. भांगात हटकून सिंदूर. पुरुषाच्या डोक्यावर कधी सरदारजींची पगडी, कधी राजस्थानी नवरदेवाचा साफा. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे असलं चित्र ठेवायची माझी तयारी नाही. वर्णनात नेमकं काय लिहावं?

पिक्सेलकर
तुमचं वर्णन फार त्रोटक आहे. 'काष्टा' शब्द घाला, 'अस्सल', 'पारंपरिक', 'अचूक नेसण' असं लिहा आणि शेवटी 'परकर नको, सिंदूर नको' असं स्पष्ट सांगा. तरी नाही जमलं तर पंचवीस-तीस फोटो गोळा करून छोटं लोरा ट्रेन करा, म्हणजे मूळ मॉडेलला नवी गोष्ट शिकवणारी एक छोटी जोडफाइल. नऊवारीचे फोटो नेटवर पोत्याने मिळतात.

माई_वाईकर
रानजाई, मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण नऊवारी मी चाळीसेक वर्षं नेसले आहे आणि आता नाती-सुनांना नेसवते. 'अस्सल' म्हटल्याने ज्याला माहीत नाही त्याला काय कळणार? नव्या सुनेला मी 'अस्सल नेस' असं सांगत नाही. कापड कुठून कुठे जातं ते सांगते.

तर ऐक. आत परकर नसतो. लुगडं कंबरेला गुंडाळून वरच्या काठाची पोटाशी गाठ मारायची, घट्ट. सगळं वजन त्या गाठीवर असतं. पदराकडचा लांब भाग पाठीमागून फिरवून पदर डाव्या खांद्यावर घ्यायचा. मधे जे कापड उरतं त्याच्या निऱ्या करून बेंबीपाशी खोचायच्या. मग खाली वाकून निऱ्यांचा मधला काठ धरायचा, दोन्ही पायांमधून मागे न्यायचा आणि पाठीशी कंबरेत बरोबर मध्यावर खोचायचा. हा कासोटा.

आता चित्रात काय दिसायला हवं ते सांगते. बाई समोरून उभी असेल तर निऱ्या पोटापासून खाली येतात, पण जमिनीपर्यंत लोंबत नाहीत. गुडघ्याच्या आसपास त्या आत वळतात आणि पायांमधे दिसेनाशा होतात. खालचा काठ प्रत्येक पायाभोवती वेगळा फिरतो आणि आतल्या बाजूला वर चढतो. बाजूने पाहिलं तर मांडीवर तिरक्या चुण्या दिसतात, समोरून मागे ओढल्यासारख्या. मागून काठाची पट्टी मधोमध उभी असते. आणि पोट कधी सपाट नसतं. गाठ, गुंडाळा आणि ओचे मिळून तिथे चांगला फुगवटा येतो. तुझ्या चित्रातल्या बाईचं पोट सपाट असेल तर ती लुगडं नेसलेलीच नाही असं समज.

रानजाई
माई, हे वाचून माझी चित्रं परत पाहिली. सगळ्यांची पोटं सपाट आहेत! आणि निऱ्या जमिनीपर्यंत पंख्यासारख्या पसरलेल्या.

अक्षांश
माईंनी जे केलं तेच वर्णनात करायचं असतं. तुम्ही जे मॉडेल वापरता त्याने चित्र आणि त्याखालच्या मजकुराच्या जोड्या पाहून शिकलेलं असतं. नऊवारीचे फोटो त्यात मुळात कमी, आणि असलेल्या फोटोंखाली बहुतेक वेळा नुसतं 'साडीतली बाई' असं लिहिलेलं. त्यामुळे 'नऊवारी' या शब्दामागे त्याच्याकडे ठोस चित्र नाही, ते सरळ सहावारीकडे घसरतं. पण 'प्रत्येक पाय वेगळा झाकलेला', 'काठ पोटरीवर', 'कापड पायांमधून मागे ओढलेलं' या दृश्य गोष्टी त्याला समजतात.

'धोती स्टाइल' तर ताबडतोब काढा. त्या नावाने फॅशनच्या दुनियेत एक वेगळंच वस्त्र विकलं जातं: खाली शिवलेली विजार आणि वरून पदर. तुमची सलवारवाली बाई तिथूनच आली.

पिक्सेलकर, 'परकर नको' हे मुख्य वर्णनात लिहिलं तर उलट परकरच येतो. जुन्या मॉडेलांना नकार जवळजवळ कळत नाही, शब्द दिसला की वस्तू काढतात. नको असलेल्या गोष्टींसाठी `Negative prompt` हा वेगळा रकाना आहे, तिथे नुसतं `petticoat, sindoor` लिहायचं, 'नको' न लावता. ज्या सेवांमध्ये तो रकाना नाही, तिथे नको ते न लिहिता हवं ते लिहायचं. भांगातला सिंदूर टाळायचा तर 'पदर कपाळापर्यंत घेतलेला' असं लिहा, भांग दिसायचाच नाही.

अजून एक मर्यादा. स्टेबल डिफ्यूजनच्या जुन्या आवृत्त्यांत मजकूर वाचणारा भाग एका वेळी 77 टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, घेतो, त्यातले 75 आपल्या वापराचे. काही प्रोग्रॅम लांब मजकुराचे तुकडे करून पुढे पाठवतात, पण त्यात जोर विखुरतो. तेव्हा आधी नेसण, मग माणूस, दागिने अगदी शेवटी.

ओवी_न्यूजर्सी
छान धागा! माझ्या मुलीला मंडळाच्या गणपतीत नाचायचं आहे, आठ वर्षांची आहे. शिवलेली नऊवारी इथे कोण देतं, किंवा भारतातून कुणी पाठवू शकेल का? मागच्या वर्षीचा तिचा फोटो चांगला आला आहे, तो रानजाईंना नमुना म्हणून चालत असेल तर देते.

माई_वाईकर
ओवी, लेकीला शिवलेलीच घे, लहान मुलीला ती सुटत नाही. मापं घेऊन शिवणारी बाई आमच्या ओळखीत आहे, तू विपूमध्ये, म्हणजे माझ्या विचारपुशीत लिही. पण रानजाईला तो फोटो देऊ नकोस. शिवलेल्यात दोन्ही पायांवरच्या चुण्या एकसारख्या असतात, इस्त्री केल्यासारख्या. कंबरेला नाडी असते, त्यामुळे फुगवटा नाही. नेसलेल्यात डावी-उजवी बाजू कधीही सारखी येत नाही.

अक्षांश
पिक्सेलकर म्हणतात ते पोत्याने मिळणारे फोटो बहुतांश हेच आहेत. शिवलेल्या नऊवारी, नाहीतर लावणीची तंग नेसण. त्यावर लोरा ट्रेन केलं तर मॉडेल शिवलेलीच नऊवारी शिकेल, आणि अगदी ठामपणे शिकेल.

पिक्सेलकर
मान्य. पण लोराची कल्पना सोडू नका, फोटो निवडून घेतले तर ती चालते. त्यात एक गोष्ट महत्त्वाची, ही मी स्वतः वापरून पाहिली आहे. ट्रेनिंगच्या स्क्रिप्टमध्ये `flip_aug` नावाचा पर्याय असतो. तो चालू असला की प्रत्येक फोटो आरशातल्यासारखा उलटा करूनही दाखवला जातो. निसर्गचित्रांना ते ठीक आहे. साडीसाठी बंदच हवा, नाहीतर निम्म्या फोटोंत पदर उजव्या खांद्यावर आणि नथ उजव्या नाकपुडीत. मोबाइलच्या सेल्फीही काही फोनवर उलट्याच साठवल्या जातात, त्या आधी तपासून बाजूला काढायच्या. फोटोत पाटी किंवा घड्याळ असेल तर लगेच कळतं.

रानजाई
पदर या खांद्यावरून त्या खांद्यावर का उडतो, याचा एक धागा हाती लागला. पण मी तर ट्रेनिंग करत नाहीये. वर्णनात 'डावा खांदा' लिहिलं तरी निम्म्या वेळा उलटंच येतं.

अक्षांश
'डावा' म्हणजे बाईचा डावा की बघणाऱ्याचा, हे त्याला नक्की ठरवता येत नाही. शिकवणीतल्या मजकुरात दोन्ही वापरलेले असतात. समोर तोंड करून उभी असलेली बाई असेल तर तिचा डावा खांदा चित्राच्या उजव्या बाजूला येतो. म्हणून दोन्ही लिहा: तिचा डावा खांदा, चित्राची उजवी बाजू. तरी काही चित्रं उलटी येतील. बाकी सगळं चांगलं असेल तर ते चित्र आडवं पलटून घ्या, फक्त पार्श्वभूमीला अक्षरं नसावीत.

मुक्काम_मिरज
फेट्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या घरी लग्नाच्या हंगामात फेटे बांधायचं काम असतं, वडिलांपासून.

आधी एक सांगा, तुमचा माणूस लग्नाला चाललाय की शेतावर? लोक 'फेटा' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे लग्नातला असतो, वर तुरा उभा आणि पाठीवर शेमला सोडलेला. त्याला कापड खळ देऊन कडक केलेलं लागतं, नाहीतर तुरा उभा राहत नाही. शेतावरचा गडी खळ घातलेला तुरा मिरवत नांगर धरत नाही. तो पटका किंवा मुंडासं बांधतो: मऊ, धुऊन धुऊन विटलेलं कापड, सैल वेढे, एखादं टोक वेढ्यात खुपसलेलं. 1940 चा सातारकडचा शेतकरी असेल तर तुरा काढाच.

आता वेढे. आमच्याकडे कापडाला पीळ देत वेढे घेतात, त्यामुळे प्रत्येक वेढा दोरासारखा उठून दिसतो. एक वेढा कपाळावरून उजवीकडे चढतो, पुढचा डावीकडे, असे ते एकमेकांना तिरके छेदतात. सरदारजींच्या पगडीत कापडाचे सपाट थर एकावर एक नीट रचलेले असतात, कपाळावर मधोमध टोक येतं आणि कान वरून झाकले जातात. आमच्या फेट्यात कान पूर्ण उघडे. चित्र तपासताना मी पहिल्यांदा कान बघीन.

पिक्सेलकर
मग पुणेरी फेटा लिहिला तर? टिळकांच्या डोक्यावर असायचा तसा. तो तर सगळ्या जगाला माहीत आहे.

मुक्काम_मिरज
ती पगडी हो, फेटा नव्हे. पुणेरी पगडी तयार करून ठेवलेली असते, टोपीसारखी डोक्यावर ठेवायची. तिला 2009 मध्ये जीआय मानांकनही मिळालंय. फेटा दर वेळी नव्याने डोक्यावर बांधायचा. आणि कोरेगावच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर पुणेरी पगडी घातली तर गावातली पोरंसुद्धा हसतील.

रानजाई
शेतावरचंच जोडपं आहे. बाई भाकरी घेऊन आली आहे, एवढाच प्रसंग. दोघांना एका वर्णनात न कोंबता आता वेगवेगळं करतेय. बाईचं नवं वर्णन:

```
full-length, three-quarter view, cotton cloth wrapped so each leg
is covered separately, hem at mid-calf, pleats tucked at the navel
curve inward and vanish between the knees, thick bunched fold at
the waist, loose end over her head and her left shoulder, right
side of picture, old Indian farm woman, bare feet, glass bangles
```

आठ चित्रांच्या खेपेत तीन बऱ्यापैकी आली. घेर गेला. पोटाशी फुगवटा आला. पण निऱ्या आत वळताना मधेच कापड विरघळल्यासारखं होतं, कुठून कुठे गेलं ते कळत नाही. 'साडी' हा शब्द मी मुद्दाम गाळला, तो घातला की परत सहावारी येत होती.

अक्षांश
शब्दांनी इतकंच होईल असं मला वाटतं. पायांमधून मागे जाणारं कापड ही रचना मॉडेलने फारशी पाहिलेलीच नाही, त्यामुळे ते अंदाज बांधतं. इथून पुढे नमुना द्यावा लागेल. घरात कुणी नेसणारं आहे का?

रानजाई
धाकटी चुलती रोज नेसते. गुडघ्याखाली, पोटरीपर्यंत.

अक्षांश
मग काम झालं. त्यांना दिवसाउजेडी अंगणात उभं करा, ज्या कोनातून चित्र हवं त्याच कोनातून फोटो घ्या. भिंत साधी असू दे, लुगडं एका रंगाचं असू दे म्हणजे चुण्या दिसतात. तो फोटो कंट्रोलनेटला द्या, ते नमुना फोटोवरून चित्राची रचना धरून ठेवतं. पण त्यात `openpose` निवडू नका, ते फक्त हातापायांचा सांगाडा उचलतं, कापडाचं त्याला काही नसतं. `depth` किंवा `lineart` घ्या. पहिलं कापडाचे उंचसखल भाग धरतं, दुसरं चुण्यांच्या रेघा. त्याचा जोर 1 वर ठेवला तर फोटोतली रचना फार घट्ट धरली जाते, 0.6 ते 0.8 मध्ये करून बघा. चुलतींचा चेहरा ओळखू येऊ नये असं वाटत असेल तर चेहऱ्याचा भाग नंतर वेगळा नव्याने करून घ्या.

सह्याद्रीवारा
माई, एक शंका. आमच्या आजीची रीत अशी की आधी कासोटा घालायचा आणि मग पदर घेऊन उरलेल्या कापडाच्या निऱ्या पुढे खोचायच्या. त्यामुळे समोरच्या निऱ्या आत न वळता थोड्या मोकळ्या लोंबतात. तुम्ही म्हणता त्याप्रमाणे ते चूक ठरेल का?

माई_वाईकर
चूक कसं ठरेल? आजी कुठल्या?

सह्याद्रीवारा
देशस्थ, सोलापूरकडच्या. घोट्यापर्यंत नेसायची.

माई_वाईकर
मग बरोबर आहे. घोळदार, घोट्यापर्यंतच्या नेसणीत समोर मोकळ्या निऱ्या मी पाहिल्या आहेत. मी सांगितली ती कामाची नेसण. शेतात चिखलात वावरायचं, वाकायचं, डोक्यावर पाटी घ्यायची, तिथे मोकळ्या निऱ्या पायात येतील. कोळणी तर त्याहून वर, गुडघ्यापर्यंत आणि तंग नेसतात. रानजाईच्या बाईला माझीच हवी. पण साताऱ्याच्या प्रत्येक घरात अशीच नेसत होत्या असं मी छातीठोक सांगणार नाही.

रानजाई
चुलतीचा फोटो घेतला. मी वर्णन वाचून दाखवल्यावर तिने सांगितलं, "मागनं पण काढ, कासोटा तर दिसू दे." `depth` ने 0.7 वर करून पाहिलं. निऱ्या आता नीट आत वळतात, खालचा काठ दोन्ही पायांवर वेगळा आहे, डाव्या पायावर जरा खाली आणि उजव्यावर वर, तिच्या नेसण्यात होता तसाच. मांडीवरच्या तिरक्या चुण्या आल्या.

राहिलेल्या गोष्टी: लुगड्यावर मॉडेल आपणहून जरीचे मोर टाकतं. चोळीऐवजी पाठीमागे हुक असलेला ब्लाउज येतो. आणि नाकात मोठी रिंग, तिची साखळी थेट केसांत.

माई_वाईकर
नथच काढून टाक. भाकरी घेऊन बांधावर जाणारी बाई नथ घालून जात नाही, ती सणावाराची. नाकात फार तर चमकी. साखळीवाली रिंग आपली नव्हेच, आपली नथ मोत्यांची आणि डाव्या नाकपुडीत. चोळी खणाची, पुढे गाठ मारलेली, बाह्या दंडाला घट्ट. पण पदर नीट घेतलेला असेल तर गाठ दिसणारच नाही, फक्त बाही दिसेल. तेवढीच लिही. मोर पैठणीवर असतात, त्याऐवजी इरकली घे: गडद हिरवं अंग, लाल काठ. आमच्या भागात ती रोजच्या वापरात असे.

अक्षांश
मोर जातील. `Negative prompt` मध्ये `gold embroidery, brocade` टाका आणि 'दागिने' हा मोघम शब्द परत घालू नका, त्यामुळे सगळा थाट येतो. हिरव्या काचेच्या बांगड्या, काळ्या मण्यांची पोत, पायात जोडवी, इतकंच नेमकं लिहा. लाल काठ मात्र वर्णनाने जागेवर बसेल याची खात्री नाही. काठ निऱ्यांबरोबर आत वळायला हवा, मॉडेल तो सरळ खाली ओढेल. तेवढा भाग `inpaint` ने, म्हणजे चित्रातला तेवढाच तुकडा नव्याने करून घेऊन, किंवा हाताने रंगवावा लागेल.

मुक्काम_मिरज
ताई, गड्याचं काय झालं?

रानजाई
'टर्बन' शब्द ठेवला की सरदारजी येतात. तो काढून 'पिळलेल्या सुती कापडाचे सैल वेढे, कपाळावर तिरके छेदणारे, कान उघडे' असं इंग्रजीत लिहिलं. कान उघडे आले. पण वेढे दोरखंडाच्या वेटोळ्यासारखे गोल गोल येतात, तिरके छेदत नाहीत.

मुक्काम_मिरज
मग तुमच्या चुलतीचं केलंत तेच करा. पटका मऊ कापडाचा घ्या, नवीन नको, नव्या कापडाचे वेढे फुगून राहतात. घरात कुणाला बांधता येत नसेल तर गावातल्या बैलगाडा शर्यतीवाल्यांना किंवा लेझीमवाल्यांना विचारा, त्यांच्यात एखादा हमखास सापडतो. फोटो समोरून न काढता थोडा डावीकडून काढा, तिथून दोन्ही बाजूंचे वेढे आणि छेद दिसतात. काढलात की इथे टाका, वेढे मी बघून सांगतो.

ओवी_न्यूजर्सी
माई, तुम्हाला विपू केली आहे. आणि मुलगी विचारतेय की शिवलेलीतसुद्धा पोटाशी तो फुगवटा आणता येईल का.

माई_वाईकर
येईल. शिवणाऱ्या बाईला सांग की पुढच्या निऱ्या वेगळ्या सुट्या ठेव, शिवून टाकू नकोस. त्या नेसवताना हाताने खोचायच्या.